साखर भरलेले डबे

संपतरावांनी 'न्हाई' म्हणायला तीन दिवस तयारी केली होती, आणि बद्रीनाथशेठ ते ऐकूनच घेईनात.

नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत शेठचं दुमजली घर. वर शेठ आणि त्यांची बायको गिरिजाबाई, खाली तीन खोल्यांत संपतराव. एक्क्याण्णव सालापासून ते तिथं भाड्यानं होते. आता दोन हजार चार सालचा फेब्रुवारी संपत आला होता. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की शेठ पुढच्या अकरा महिन्यांसाठी नवा स्टॅम्पपेपर करायचे, भाडं थोडं वाढवायचे. ह्या वर्षीचा करार एकतीस मार्चला संपत होता.

"अठराशे," शेठ म्हणाले. "बाराशेत आता कोन देतंय तीन खोल्या? बँकेतला एक साहेब अठराशे द्यायला तयार हाय, दलालानं कालच सांगितलं. पन मी म्हनलो, आधी आपल्या मानसाला विचारतो. बोअर हाय, मीटर वेगळं हाय. अजून काय पाहिजे?"

"शेठ, भाव बराबर हाय तुमचा. त्याबद्दल माझं काही म्हणनं न्हाई. पन मला पुढं ऱ्हायचंच न्हाई. मी एकतीसला खोल्या खाली करतो. तेरा वर्षं तुम्ही लई चांगलं सांभाळलं आम्हाला. नळाला पानी येत नव्हतं तव्हा बोअरची मोटार आमच्यासाठी चालू ठेवली. कौसल्याच्या दुखण्यात तर... म्हणून आभार मानायला आलो."

शेठ हसले. "एकदम आभारच? बरं, सतराशे करा."

"भाव करून न्हाई राह्यलो मी."

"साडेसोळा. आता खाली न्हाई बघा."

संपतरावांनी खिशातून कागद काढला. करारातच लिहिलेलं होतं, की जायचं असेल तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यायची, म्हणजे अनामत पूर्ण परत मिळते. नाहीतर एका महिन्याचं भाडं कापून. संपतरावांनी आडत दुकानातल्या दिवाणजीकडून दोन प्रती लिहून घेतल्या होत्या. एक शेठला द्यायची, दुसरीवर पोच म्हणून सही घ्यायची.

शेठनी कागद न उघडताच परत त्यांच्या खिशात कोंबला. "आपल्यात कागद कशाला? जा, दोन दिवस इचार करा."

जिना उतरताना संपतरावांना स्वतःचाच राग आला. तेरा वर्षं दर वेळी आपण हेच केलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. शेठ भाडं सांगायचे, आपण म्हणायचो, न्हाई जमत, दुसरी खोली बघतो. मग दोन दिवस दोन्ही घरांत सामसूम. तिसऱ्या दिवशी बायको, कौसल्या, पुरण शिजवायची आणि स्वतःचं नाव कोरलेल्या स्टीलच्या ताटात पोळ्या घेऊन वर जायची. ताट वर गेलं की शेठ समजायचे, ठरलं. मग ते कोर्टासमोरच्या विक्रेत्याकडून स्टॅम्पपेपर आणायचे. कोणी कधी 'बरं, मान्य आहे' असं तोंडानं म्हटलंच नव्हतं.

आता खरंच जायचं होतं, तर ते कोणाला पटवून द्यायचं कसं?

कौसल्या श्रावणात गेली. तेव्हापासून संपतराव मधल्या खोलीत झोपत नव्हते. स्वयंपाकघरात चहापुरते जायचे. आडत दुकानातली नोकरीही मार्चअखेर संपत होती. लेक शिवकन्या आष्टीला दिलेली. तिच्या शेजारची एक खोली मोकळी होती. खोलीच्या मालकिणीनं, सोनूबाईनं, निरोप दिला होता, की एक एप्रिलपर्यंत थांबते, तोवर या आणि आगाऊ रक्कम भरा, नाहीतर शाळेतल्या मास्तराला देते. ती रक्कम म्हणजे शेठकडची अनामतच. तिच्याशिवाय त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. दवाखान्यानं सगळं खाल्लं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर गेले. शेठ आंघोळीला होते. गिरिजाबाईंनी कागद घेतला, पण सही करीनात.

"भाऊजी, त्यांच्या कागदावर मी कशी सही करू? ठेवा तिथं, देते." त्यांनी कागद टीव्हीवर ठेवला. मग खालच्या आवाजात विचारलं, "खरंच चालले का?"

"हां, वहिनी."

त्या आत गेल्या आणि भांडी आपटू लागल्या.

आता आवराआवर आली. कपाटातून, फळीवरून गिरिजाबाईंचे डबे निघू लागले. कौसल्या अंथरुणाला खिळली तेव्हा वरून रोज काहीतरी यायचं, पेज, मुगाचं वरण, मऊ भात. डबे खालीच राहिले होते. दोन मोठे, एक कडीचा, आणि दुधाची बारकी बरणी. ती बरणी शेवटच्या आठवड्यातली. संपतराव ती हातात घेऊन बराच वेळ ओट्याशी उभे राहिले.

जायच्या आधी ज्याचं त्याला द्यायला पाहिजे. पण रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे कौसल्यानं त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं होतं. स्वयंपाक तर येत नाही. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, साखर आणली, चारही भांडी काठोकाठ भरली आणि वर नेऊन दिली. शेठच दारात होते. डबे बघून त्यांचं तोंड फुललं.

"असं! बघा, शेवटी कसं गोडीत झालं!"

"वहिनींचे डबे हायत. देऊन टाकतो म्हणलं."

"हो हो, समजलो मी," म्हणत शेठनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

संपतरावांना वाटलं, चला, सुटलो.

चार दिवसांनी संध्याकाळी शेठ खाली आले ते टाइप केलेला स्टॅम्पपेपर घेऊनच. "ह्या पानावर सही करा. भाडं साडेसोळाच टाकलंय, तुमच्यासाठी. आता नवीन कायद्यानं करार नोंदवायला लागतो म्हनून वकिलानं सांगितलं, तव्हा सोमवारी दोघं जाऊ. दोन साक्षीदार मी बघतो."

संपतराव कागदाकडे बघतच राहिले. वर त्यांचं नाव होतं. लिहून घेणार बद्रीनाथ, लिहून देणार संपत.

"शेठ, हे कशाला आणलं?"

"कशाला म्हंजे?"

"मी जाऊन राह्यलो म्हणून दोनदा सांगितलं की!"

"आन् मंग साखर? ताट न्हाई तर डबे, एकच की! दर साली तुमच्या घरातून गोड वर आलं की ठरतं आपलं. मी त्या बँकेच्या साहेबाला न्हाई म्हनून बसलो! स्टॅम्पवर तुमचं नाव घातलं, आता तो दुसऱ्याला चालतो का?"

"अहो, भांडी रिकामी कशी देऊ?"

"मला काय ठाव तुम्ही भांडी देऊन राह्यले का होकार देऊन राह्यले!"

"तोंडानं सांगितलं ना मी! तोंडानं सांगितलेलं खोटं, आन् साखर खरी?"

"तेरा साल तोंडानं न्हाईच म्हनत आले तुम्ही!" शेठचा आवाज चढला. "कधी गेले का? मंग आताच कसं खरं धरू?"

संपतराव जास्तच चिडले.

"ते जाऊ द्या. माझी नोटीस टीव्हीवर हाय. महिना आधी दिली, बराबर तारीख घालून."

"मला कुठं मिळाली? माझ्या सहीची पोच दाखवा. न्हाई ना? मंग एका महिन्याचं भाडं कापनार मी. करारातच हाय."

एका महिन्याचं कापलं, तर आष्टीच्या खोलीला कमी पडत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे शेवटी भांडण होत होतं. कौसल्याच्या माघारी ह्या घरातून शिव्या देत निघायचं?

जिन्यावर पावलं वाजली. गिरिजाबाई खाली आल्या, हातात नोटीस.

"ही घ्या. टीव्हीवर नव्हती, मी देवाच्या फोटोमागं ठेवली होती."

"तू?" शेठ म्हणाले.

"दिली असती तर तुम्ही सही केली असती, आन् हे गेले असते. वाटलं, ऱ्हाऊ द्यावं चार दिवस." त्या संपतरावांकडे बघत नव्हत्या. "आन् मालक, मी त्याच दिवशी म्हनलं होतं तुम्हाला. हे काही होकाराचे डबे न्हाईत. ऱ्हायाचं असतं तर सगळे एकदम आनून दिले असते का मानसानं? ती दुधाची बरनीसुद्धा? एखादा तरी खाली ऱ्हातोच, लागतो म्हनून. तुम्ही म्हनले, बायकांचं काय कळतं."

शेठनी स्टॅम्पपेपर घडी घालून खिशात ठेवला. मग परत काढला, परत ठेवला.

"तारीख काय हाय नोटिशीवर?"

"सत्तावीस फेब्रुवारी," संपतराव म्हणाले.

"मंग महिना भरतो." शेठनी पेन मागितलं, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली आणि खाली तारीखही सत्तावीसचीच घातली. "लाइटचं बिल मात्र तुम्ही भरायचं. मीटर दोघांसमोर बघू. आन् चुना..." त्यांनी भिंतीकडे बघितलं. पलंगाजवळ टेकून बसल्याचा तेलकट डाग होता, कौसल्याच्या डोक्याचा. "चुना माझा मी मारतो. कापत न्हाई."

"शेठ, राग धरू नका."

"राग कसला? त्या साहेबाकडं आता कोन्या तोंडानं जाऊ, ते सांगा!" म्हणत शेठ जिना चढून गेले.

एकतीसला सकाळी दोघांनी मीटर बघितलं, आकडा ताबा पावतीवर लिहिला, खोल्या फिरून बघितल्या. दारं, कड्या, पंखा, बोअरची चावी. शेठनी अनामत मोजून दिली, बिलापुरती कापून. संपतरावांनी पावतीवर सही करून किल्ल्या दिल्या. दोन किल्ल्या होत्या. तिसरी कौसल्याकडे असायची, ती कुठं गेली सापडली नाही. शेठनी त्याबद्दल काही विचारलं नाही.

दारात ऑटो उभा होता. सामान चढलं. तेवढ्यात गिरिजाबाई धावत आल्या, हातात ताट, वर कापड.

संपतरावांनी ताट ओळखलं. काठावर 'सौ. कौसल्या' कोरलेलं. गेल्या मार्चमध्ये, उभं राहवत नसताना तिनं पोळ्या करून वर नेलेलं.

"कधीची द्यायचं म्हनत होते," गिरिजाबाई म्हणाल्या. "पन रिकामं कसं देऊ?"

कापडाखाली पुरणपोळ्या होत्या, गरम.

"नको वहिनी. बसमध्ये कुठं धरू? ताट तेवढं द्या."

"धरा."

"अहो, खरंच नको. माझ्या हातात पिशव्या हायत."

"धरा म्हनते ना."

ह्या घरात आपला नकार शेवटपर्यंत कोणी ऐकलाच नाही, असं मनाशी म्हणत संपतरावांनी ताट घेतलं आणि मांडीवर ठेवून ऑटोत बसले. ताट भाजत होतं. खाली काहीतरी घ्यायला पाहिजे होतं, पण सगळे टॉवेल बांधलेले होते.

"हळू चालव रे," त्यांनी ऑटोवाल्याला सांगितलं.