कमलचा भात

कमलला अग्नी देऊन खंडेराव गंगापूर रोडवरच्या घरी परतले. आज घरात चूल पेटणार नव्हती, म्हणून शेजारणीने पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. खंडेरावांनी तिकडे पाहिलंही नाही.

"फ्रिजमध्ये तुझ्या आईचा भात आहे, तोच दे," ते मुलीला, दिशाला म्हणाले.

काल संध्याकाळी जेवणं झाल्यावर कमलने उरलेला भात ताटात पसरून निववला, लगेच डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला आणि मग तिच्या छातीत दुखायला लागलं.

"बाबा, आज चालेल का?"

"मायक्रोवेव्हला कुठे जाळ असतो?"

दिशाने वाडगाभर भात काचेच्या भांड्यात मोकळा केला, पाण्याचा हबका मारला, झाकण सैल ठेवलं आणि फुल पॉवरवर दोन मिनिटं लावला. मध्येच काढून ढवळला. शेवटी चमचा खुपसून पाहिला, तर मधूनही कढत वाफ आली.

दोन घास घेऊन खंडेरावांचा हात थांबला. "बाकीचा रात्रीला ठेव. पुन्हा गरम करू."

दिशाचे डोळे भरून आले.

एकदा गरम केलेला भात पुन्हा ठेवायचा नाही, पोटाला बाधतो, ही कमलची रोजची कटकट. खंडेराव हयातभर त्यावरून तिच्याशी भांडले होते, आणि दर वेळी तिचंच खरं झालं होतं.

त्यांनी ताट पुढे ओढलं. शीत न् शीत वेचून खाल्लं.

"संपवला गं," ते रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाले.