भरपाईचा रविवार

छप्पन्न सालच्या श्रावणात आगरदांड्याच्या रस्त्यावर मोरीचं बांधकाम चाललं होतं. पावसाने सोमवार-मंगळवार बुडवले आणि कामाचे सोळा तास गेले. ओव्हरसियर दामल्यांनी पाचनंतर दोन तास वाढवायचं ठरवलं, पण पाच वाजताच आभाळ इतकं काळवंडे की गवंड्याला ओळंबा दिसेना. चिडून त्यांनी भरपाईला दोन रविवार लावले.

दोन्ही रविवारी गडी आठला आले आणि सव्वाआठला पाऊस कोसळला.

पुढे मात्र ऊन पडलं ते हटेना. आठऐवजी सातला काम धरून दामल्यांनी सोळा दिवसांत सोळा तास भरून काढले. त्या खुशीत ते चहा घेत होते, तेवढ्यात मुकादम धर्माजी सगळ्या गड्यांना घेऊन आला. सगळेच भातशेतीवाले.

"साहेब, येत्या रविवारी भरपाई लावा."

"कसली भरपाई? तास पुरे झाले."

"कामाचे झाले. पण भात पोटरीला आलंय आन् शेतं भेगाळलीत. तुम्ही रविवार लावल्याबिगर पाऊस येत न्हाय."

दामले अडाणीपणावर बराच वेळ तडतडले. मग त्यांनी फळ्यावर रविवार लिहिला आणि सिमेंटची पोती शनिवारीच ताडपत्रीखाली हलवायला सांगितली.