अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद

नांदगाव पेठेच्या अलीकडच्या गावात उत्तमरावांचा झेंडूचा मळा आणि मळ्यापेक्षा नावाजलेला त्यांचा ओटा. दिवसभर फुलं तोडायची, अमरावतीच्या बाजारात धाडायची आणि संध्याकाळी सातला आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. तिथं दहा-बारा माणसं जमायची, आणि गेल्या वर्षभरात तर ती संख्या वाढलेलीच होती. उत्तमरावांना त्याचं फार कौतुक. आपलं बोलणंच तसं आहे, असं ते माणिकबाईंना सांगत, आणि माणिकबाई भाजी निवडत राहत.

पण यंदा घरात एक काळजी शिरली होती. सून हर्षा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. तिचे परदेशातले ग्राहक संध्याकाळी सात ते दहा बोलायचे, आणि नेमकं त्याच वेळी घरचं इंटरनेट गचके खायचं. समोरचा अर्धं वाक्य बोलून गोठायचा. शेवटी कंपनीनं कळवलं, या महिनाअखेरपर्यंत लाइन सुधारली नाही तर एक तारखेपासून पुण्यात येऊन बसा. हर्षा गेली की मुलगा कुंदनही जाणार. तो पेठेतल्या कापड कारखान्यात होता, पण पुण्यात कारखान्यांना काय तोटा. म्हणजे एवढ्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. हा विचार आला की उत्तमरावांना जेवण गोड लागायचं नाही. तसं ते कुणाला सांगत नसत, फक्त वरण पातळ झालंय म्हणून कुरकुर करत.

"तक्रार करून टाक ना पोरी," ते म्हणाले.

"सात वेळा केली, मामाजी. रात्री तक्रार केली की ते लोक दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तपासतात. अकरा वाजता पन्नासच्या लाइनवर अठ्ठेचाळीस स्पीड येतो. मग म्हणतात, तुमचं तर बरोबर हाय, आन् तक्रार बंद करतात."

म्हणून हर्षानं वेगळा मार्ग काढला. कुंदनचा जुना लॅपटॉप माळ्यावरून उतरवला आणि वायरनं थेट राउटरला जोडला. वाय-फायवर भिंतीचा आणि अंतराचा दोष काढता येतो, वायरवर येत नाही, असं तिनं सासऱ्यांना समजावलं. त्यात तिनं एक छोटा प्रोग्रॅम बसवला. दर अर्ध्या तासाला तो आपोआप स्पीड तपासणार, दर वेळी त्याच एका सर्व्हरवर, आणि तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड अशी एक ओळ फाइलमध्ये लिहून ठेवणार. दिवसाला अठ्ठेचाळीस ओळी, असे चौदा दिवस. "एका दिवसाले कोणी विचारत नाही," ती म्हणाली. "रोज त्याच वेळेले तेच झालेलं दाखवलं, तर त्यांना नाही म्हणता येणार नाही."

उत्तमरावांना हे भलतंच आवडलं. तीन तारखेला प्रोग्रॅम सुरू झाला आणि ते जाता-येता लॅपटॉपसमोर वाकून आकडे वाचू लागले. सहा वाजता पंचेचाळीस, साडेसहाला चव्वेचाळीस, साडेसातला चार. "आलं पाह्य, चारावर!" असं म्हणून ते आनंदानं ओट्यावर जाऊन बातमी द्यायचे. चोराला रंगेहाथ पकडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. माणिकबाईंनी एकदा फवारणीचा बॅटरीवाला पंप चार्ज करायला त्या लॅपटॉपची पिन काढली, तर त्यांनी एवढा आरडाओरडा केला की बाईंनी पंप उचलून स्वयंपाकघरात नेला. "आमी तीस वर्स फुलं मोजून राहिलो, आमचं कोणी असं वाकून नाई पाह्यलं," त्या म्हणाल्या.

आठ तारखेला हर्षानं राउटरचं पान उघडलं. घरातले सोडून आणखी कुणाचं काही जोडलेलं नाही ना, एवढंच तिला पाहायचं होतं. यादीत तिची, कुंदनची आणि लॅपटॉपची मिळून पाच नावं असायला हवी होती. तिथं सतरा होती. त्यातलं एक तर चक्क 'जानरावचा रेडमी'.

ती ओट्याच्या दारात येऊन उभी राहिली. बाहेर बारा माणसं बसली होती, बाराही माना खाली, बारा मोबाइल उजेडात. कुणी सोयाबीनचा भाव पाहत होतं, कुणी बैलबाजाराचे व्हिडिओ. उत्तमराव मधोमध बसून पावसाबद्दल काहीतरी सांगत होते आणि ऐकणारं कुणीच नव्हतं.

सगळे उठून गेल्यावर हर्षानं विचारलं, "मामाजी, पासवर्ड कोणाले देला?"

उत्तमरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पहिले जानरावले देला. त्याचा दिवसाचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत सरते. मंग खुशालनं मांगतला, त्याले कसं नाई म्हनू? घरी आलेल्या माणसाले पानी मांगतलं तर..."

"पाणी सरत नाही, मामाजी. हे सरते."

"थे तर खरं."

"आता नेटवाली कंपनी म्हणेल, तुमच्याच घरात बारा मोबाइल, आमी काय करावं? पाच दिवसांच्या नोंदी वाया गेल्या." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर उत्तमरावांना बरं वाटलं असतं. सुनेला घरातून घालवण्याचं काम आपण स्वतःच, तेही आग्रहानं, करत होतो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्याच रात्री पासवर्ड बदलला आणि फाइल नव्यानं सुरू झाली. आठ अधिक चौदा बावीस. महिना तीसचा. उत्तमरावांनी बोटांवर दोनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी जानराव आला, मोबाइल काढला, दोनदा झटकला. "उत्तमभाऊ, तुमचं नेट मेलं का?"

उत्तमरावांनी आयुष्यात ओट्यावर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तोंडाशी 'बिघडलं हाय' हे उत्तर येऊन थांबलं. मग ते म्हणाले, "बंद केलं गड्या. सुनेची नोंद चालू हाय. पंधरा दिवस कोणालेच नाई."

"बरं बरं. नोंद महत्त्वाची हाय," जानराव म्हणाला आणि थोडा वेळ बसून म्हशीचं निमित्त काढून उठला. तिसऱ्या दिवशी पाच आले. चौथ्या दिवशी दोन. आठवड्यानं उत्तमराव टोपी घालून एकटेच बसले होते. पलीकडच्या पंचायतीच्या पारावर कुणी तरी फुकटचं नेट सोडलंय, अशी बातमी त्यांना दूधवाल्याकडून कळली. ते आत येऊन लॅपटॉपसमोर वाकले. साडेसात, नऊ. आठला सात, साडेआठला आठ. म्हणजे बारा मोबाइल गेले तरी आकडा चारावरून जेमतेम आठावर आला होता. दोष ओट्याचा थोडा होता, कंपनीचा जास्त. एवढ्यानंही त्यांना पुष्कळ धीर आला.

तेवीस तारखेला हर्षा आणि उत्तमराव अमरावतीला नेटच्या कंपनीच्या कार्यालयात गेले. पौर्णिमा मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी कागद हातात घेण्याआधीच ठरलेलं वाक्य म्हटलं, "संध्याकाळी घरात मोबाइल जास्त जोडले जातात, त्यामुळे तुम्हाला तसं वाटतं."

हर्षानं आलेख पुढं सरकवला. चौदा दिवस, चौदा रेघा, एकावर एक. दिवसभर सगळ्या पंचेचाळीसच्या आसपास, सातला एकदम खाली आणि दहानंतर पुन्हा वर. "लॅपटॉप वायरनं जोडलेला आहे. सहाशे बहात्तर नोंदी व्हायला हव्या होत्या, सहाशे त्रेपन्न झाल्या. एकोणीस वेळा लाइट नव्हती, तिथं जागा कोरी ठेवली आहे. माझ्या कॉलच्या वेळा बाजूला लिहिल्या आहेत. रविवारी माझे कॉल नसतात, तरी आकडा तोच."

मॅडमनी रविवारच्या दोन्ही रेघा बोट फिरवून पाहिल्या. "पण त्या वेळी दुसरं कुणी जोडलेलं नव्हतं, हे मी कशावरून धरू?"

हर्षा पिशवीतून राउटरच्या यादीचे फोटो काढू लागली, तोच उत्तमराव पुढं झाले.

"मॅडम, माह्या ओट्यावर रोज बारा माणसं बसत. मले वाटे, माह्यासाठी येतात. पासवर्ड बदलला आन् आठ दिवसात ओटा रिकामा झाला. आमच्या गावात कोनालेबी विचारा. याच्याहून पक्का पुरावा मी कुठून आनू?"

हर्षानं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. दोन आठवडे ती आकडे पाहत होती, तिला रिकामा ओटा दिसलाच नव्हता.

पौर्णिमा मॅडमनी स्वतःचा कॉम्प्युटर वळवला आणि उत्तमरावांच्या गावाकडं जाणाऱ्या मुख्य लाइनचा आलेख उघडला. सात ते दहा तिथली रेघ वरच्या मर्यादेला टेकून सपाट झाली होती, रोज. दोन वर्षांत गावातली कनेक्शनं साठावरून दोनशे चाळीसवर गेली होती आणि मागची लाइन होती तेवढीच. "तक्रारी सकाळी तपासल्या जातात, म्हणून हे कुणी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "चूक आमची आहे. पाच दिवसांत क्षमता वाढवून देते." आणि हर्षाच्या कागदावर तारीख टाकून त्यांनी सही केली.

अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी साडेसातला लॅपटॉपनं ओळ लिहिली, सत्तेचाळीस. आठला, अठ्ठेचाळीस. हर्षानं तीन दिवसांच्या नोंदी आपल्या कंपनीला पाठवल्या आणि पुण्याहून उत्तर आलं, घरूनच काम चालू ठेवा. उत्तमरावांनी ते पत्र कुंदनकडून दोनदा वाचून घेतलं, मग मळ्यात जाऊन उगाचच बराच वेळ पाणी सोडत उभे राहिले.

त्या संध्याकाळी हर्षा म्हणाली, "मामाजी, ओट्याच्या लोकांसाठी वेगळं वाय-फाय करून देऊ का? त्याले मर्यादा लावता येते. माझ्या कामाले धक्का लागणार नाही. तुमचे लोक येतील परत."

उत्तमरावांनी विचार केला. मोह झालाच. "नोको," ते म्हणाले. "चौदा दिवस तसंच राहू दे. नेट नसतानी कोन येते, थे मी लिहून ठेवतो. एका दिवसाले कोनी विचारत नाई."

हर्षा हसली आणि कॉलसाठी आत गेली. उत्तमराव कुंदनची जुनी वही आणि पेन्सिल घेऊन टोपी घालून ओट्यावर बसले. सात झाले, साडेसात झाले. रस्त्यानं दोघं गेले, रामराम करून पाराकडं वळले. आतून हर्षाचं इंग्रजी ऐकू येत होतं. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण कुठंही न तुटता ते चाललं होतं, आणि ते ऐकायला फार गोड वाटत होतं. वही कोरीच होती.

माणिकबाई झेंडूची पाटी कमरेवर घेऊन बाहेर आल्या. तीस वर्षांत त्या या वेळी ओट्यावर कधी बसल्या नव्हत्या, चहा देऊन आत जायच्या. त्यांनी पाटी ठेवली, सुई-दोरा काढला आणि नवऱ्याच्या शेजारी ऐसपैस मांडी घातली.

"काहून, काय झालं?" उत्तमरावांनी विचारलं.

"काई नाई. पावसाचं काय सांगत होते तुमी त्या दिवशी? मले अर्धंच ऐकू आलं." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "आन् पहिले वहीत लिहा. साडेसात, एक."