तपशिलाच्या रकान्यातली ताई

हिशेबांच्या त्या कचेरीत तिला सगळे टाचणी म्हणत. कुणाच्या बिलात दहा पैशांची जरी गफलत असली तरी ती नेमकी तिथेच टोचायची, म्हणून. समोर कुणी म्हणत नसे हे खरं, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

दर तिमाहीला तिच्यापुढे शाळेचे गणवेश विकणाऱ्या दुकानदाराचा गठ्ठा यायचा. गठ्ठा म्हणजे काय, दीड-दोनशे पीडीएफ फायली. कापडवाल्याचं बिल आडवं, बटणवाल्याचं उभं, एकाची तारीख वर तर दुसऱ्याची खाली कोपऱ्यात. जितक्या व्यक्ती तितक्या प्रकृती. या सगळ्यांना एकाच शीटमध्ये सात रकान्यांत बसवायचं: तारीख, बिल नंबर, पुरवठादार, तपशील, मूळ रक्कम, कर, एकूण. सात म्हणजे सातच. आठवा रकाना दिसला की पुढचं सॉफ्टवेअर अख्खी फाइल परत पाठवायचं. फायलींमधले तक्ते उचलून आणायचं काम संगणक करी. मग मूळ रक्कम अधिक कर बरोबर एकूण, एवढं ती प्रत्येक ओळीला पडताळून बघे. जी ओळ जुळली नाही, तिचीच फाइल उघडायची. बाकीच्या उघडायला वेळ कुणाला होता?

तीन वर्षांपूर्वी पुरवठादाराच्या रकान्यात तिला एक नाव दिसलं होतं आणि माउसवरचा हात तसाच राहिला होता. ते तिच्या धाकट्या बहिणीच्या धंद्याचं नाव होतं. गणवेशाच्या खिशावरचे बिल्ले ती मशीनवर भरून द्यायची. दोघींचं बोलणं सात वर्षं बंद होतं. आईच्या आजारपणात थोरली एकदा बोलून गेली होती, "तू काय, पाहुण्यासारखी येतेस आणि जातेस." शब्दाने शब्द वाढला. धाकटी गेली ती गेलीच, आणि थोरलीने रागाच्या भरात तिचा नंबरही पुसून टाकला. राग तर वर्षभरात ओसरला, उरला तो ताठा.

तेव्हापासून टाचणी दर तिमाहीची वाट बघायची. सात रकान्यांत मावेल तेवढी बहीण तिला भेटायची. बिल्ल्यांचा दर वाढला, म्हणजे बाई धीट झाली. एका तिमाहीत एकच बिल आलं, तेव्हा हिला आठवडाभर घास गोड लागला नाही. तिला बहीण हवी होती, इतकी की कधीकधी त्या ओळींवर ती उगाचच बोट फिरवून घ्यायची. पण फाइल तिने कधी उघडली नाही. रकाने आपण होऊन समोर येतात, त्यात आपला काय दोष? फाइल उघडायची म्हणजे आपण होऊन तिच्या दारात जाऊन उभं राहणं. आणि धाकटीचं एकही बिल कधी चुकलेलं नसायचं. चुकलं असतं तर कर्तव्य म्हणून तरी उघडता आलं असतं.

या वेळी जुलै ते सप्टेंबरचा गठ्ठा ऑक्टोबरच्या तीन तारखेला तिने घेतला. दुपारच्या चहाआधी तिला एक ओळ अडखळलेली दिसली. पुरवठादार धाकटी. तपशील भरलेला, रकमांचे तिन्ही रकाने रिकामे. बिलाच्या तक्त्याखाली लिहिलेला मजकूर तक्त्याला इतका चिकटून होता की संगणकाने तोही एक माल समजून उचलून आणला होता. तपशिलात लिहिलं होतं: "ताई, हे शेवटचं बिल. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत इथेच आहे, मग लेकीच्या गावी. येशील का?"

तारखेच्या रकान्यात होती सात सप्टेंबर. पुढच्या महिन्याची पाच म्हणजे परवा. तिचा जीव भांड्यात पडला. ताई! म्हणजे हिशेब कोण लिहितं ते धाकटीला ठाऊक होतं. ती उठून साहेबांकडे गेली आणि उद्याची रजा मागितली. अकरा वर्षांत तिने आयत्या वेळी रजा मागितलेली त्यांना आठवेना. त्यांनी एवढंच सांगितलं, की आज हा गठ्ठा हातावेगळा करून जा.

ती घाईने कामाला लागली. तारखेप्रमाणे ओळी लावल्या, तर वर फेब्रुवारी आणि मार्च, खाली डिसेंबर. जुलै-सप्टेंबरच्या गठ्ठ्यात डिसेंबर? तिने रकाना नीट पाहिला. काही तारखा उजवीकडे सरकलेल्या होत्या, काही डावीकडे चिकटलेल्या. तिला कळून चुकलं. मागच्याच आठवड्यात तिच्या टेबलावर नवा संगणक आला होता आणि तो महिना आधी, दिवस नंतर असं वाचत होता. बारापर्यंतच्या दिवसांचे त्याने महिने केले होते. तेरापासूनच्या तारखा त्याला उमगल्या नाहीत म्हणून मजकूर म्हणून तशाच डावीकडे पडल्या होत्या.

तिने बहिणीची फाइल उघडली. पहिल्यांदाच. बिलावर होतं ०९/०७. नऊ जुलै. पुढच्या महिन्याची पाच तारीख येऊन गेल्याला दोन महिने होत आले होते.

सवयीने तिने आधी काम केलं. तारखा पुन्हा मजकूर म्हणून आणल्या, दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून बदलल्या, ती रिकाम्या रकमांची ओळ काढली. बेरीज जुळली. धाकटीच्या ओळी जुलैतच संपल्या होत्या. मग तिने जुन्या तिमाहींचे फोल्डर काढले आणि तिची बिलं एकेक करून उघडली. प्रत्येकाच्या तळाशी, तक्त्यापासून जरा दूर, एक ओळ होती. ताई, नवी मशीन घेतली, पण जुनी विकवत नाही. ताई, लेक पास झाली. ताई, पाठ धरली होती म्हणून या खेपेला एकच बिल. ताई, आईच्या वेळी तू म्हणालीस ते लागलं, पण खोटं नव्हतं. एकेचाळीस बिलं होती. सात रकान्यांबाहेरचं ते सगळं संगणकाने इमानेइतबारे टाकून दिलं होतं, आणि तिने तपासून सही केली होती. डोळे भरून आले तसं तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग तिने दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, त्या बाई तर ऑगस्टातच लेकीकडे गेल्या. तुमची चौकशी नेहमी करायच्या. मीच म्हणायचो, भेटून का येत नाही, तर म्हणायच्या, बिल जातंय ना तिच्याकडे. नंबर मात्र त्याच्याकडे होता.

नंबर लावायला तिला चहाचा कप गार होईपर्यंत वेळ लागला. पलीकडे चौथ्या घंटीला फोन उचलला गेला. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं, पण आवाज ऐकला आणि सगळं विसरली. तोंडाला आलं ते कचेरीतलंच.

"बिल नंबर एकशे सदतीस मिळालं."

"आणि आधीची?" धाकटीने विचारलं.

"आज उघडली. सगळी बरोबर असायची गं तुझी, म्हणून कधी उघडलीच नाहीत."

"मग एखादं चुकवायला हवं होतं मी," धाकटी म्हणाली, आणि रडू लागली.