हलक्या हाताचं कापड

जानेफळच्या निवृत्ती कोष्ट्याचं धोतर पाण्यात टाकलं तर पाण्यालाच वाट विचारावी लागे, असं लोक म्हणत. त्यात दूध बांधून चिखलीच्या बाजाराला नेलं तरी थेंब गळत नसे, असंही म्हणत. हे मात्र जरा जास्त झालं, एखादा थेंब गळत असेल. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं तेव्हा जुनी माणसं म्हणाली, साहेबांनी दोन मुलूख एकत्र केले खरे, पण निवृत्तीच्या दोन धाग्यांइतके जवळ नाही आणले. इतकी त्याची दाट वीण. आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका असा बसे, की शेजारच्या झुंबरबाईच्या फळीवरची भांडी वाजत.

तोच हात त्याला नेमका नडला.

झालं असं. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावायची खळ चुलीवर रटरटत होती. निवृत्तीच्या बायकोनं, गोजरबाईनं, हंडा उतरवला आणि हंड्याची कड हातातून सुटली. ज्वारीच्या पिठाची उकळती खळ पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून बसते. गळ्यापासून मांडीपर्यंत बाई सोलून निघाली.

वैदूनं तुपाचा हात लावून केळीची कोवळी पानं पसरली आणि सांगितलं, "आता माह्या हातचं नाही हे. मेहकरच्या दवाखान्यात न्या. उशीर करसान तर बाई जाईल."

बैलगाडी दारात उभी राहिली, पण गोजरबाई दाराबाहेर निघेना. अंगावर पानं, पानांवर काही नाही. आणि काही टाकलं की ती किंचाळे. झुंबरबाईनं आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं आणलं. मऊ होतं, पण जाड्या सुताचं. पानं त्याच्या भारानं सरकून जखमेत रुतली. निवृत्तीच्या घरातली जुनेरं तर विचारू नका. तो विणे ते जुनं झालं तरी ढालीसारखंच राही.

"उघडी नेसान तं गाडीतच जीभ चावून मरीन," गोजरबाई म्हणाली. आवाज विझत चालला होता, पण हट्ट नाही. "साऱ्या गावासमोर? नाही म्हंजे नाही."

ही बाई जे बोले ते करी, हे निवृत्तीला लग्नापासून ठाऊक होतं.

तो मागावर बसला. मागावर ऐंशी नंबरचा ताणा चढवलेला होता, एका लग्नाच्या धोतरजोडीचा. आता नंबर म्हणजे काय, तर एक रतल, म्हणजे पौंडभर, सुतात ठरावीक लांबीच्या जितक्या लडी बसतात तितका नंबर. वीस नंबरच्या वीस लडीत रतल भरतं. ऐंशीला ऐंशी लडी लागतात. म्हणजे सूत तितकं बारीक. 'बारीक सूत, हलका कपडा,' असं त्यानं मनाशी धरलं, आणि नंबर त्यानं बरोबरच धरला. पण बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, त्यानं ताण्याचंच घट्ट पिळाचं सूत घेतलं. कमी पिळाच्या सुताला तो 'आजाऱ्याची दाढी' म्हणून हसायचा, ते त्याच्या घरात नव्हतंच. आणि वर हात त्याचाच. सूत घेऊन धोटा गेला की ठक्, धोटा गेला की ठक्. डोळ्यांत पाणी, तोंडात देवाचं नाव आणि फणीखाली भिंत.

कपडा कापला, गरम पाण्यात खळ काढली, वाळवला, धावत आत नेला. पानांवर अंथरला.

गोजरबाईनं दात आवळले. मग डोळ्यांतून पाणी गळलं. "काढा. दारचं फळकूट आणून ठेवलं काय?"

झुंबरबाईनं कपडा उचलून बोटांत चुरला. तो चुरत नव्हता, कागदासारखा करकर वाजत होता. "भाऊजी, काऊन असं केलं? बाईचं अंग तापून राह्यलं. संध्याकाळपावतो नेली नाही तं..."

 निवृत्ती तो कपडा घेऊन ओसरीत आला. उभी हयात बारीक सुताचा, पण दाट कपडा विणला. हलका कपडा त्यानं कधी हातात धरलाच नव्हता. सूत बारीक असलं, तरी बोटभर जागेत दुप्पट धागे कोंबले तर वजन कमी कुठून होणार? पिळानं धागा तारेसारखा ताठ, दाटीनं त्याला वळायला जागा नाही. हे सगळं त्याला कळत होतं. हाताला कळत नव्हतं.

गावात विरळ विणणारा एकच होता. झुंबरबाईचा नवरा पुंजाजी. त्याच्या कापडाला निवृत्ती भर बाजारात 'मासे धरायची जाळी' म्हणाला होता. ते कापड जुनं होईपर्यंत टिकतच नसे, म्हणून पुंजाजीच्या घरी त्याचं एकही जुनेर निघालं नाही, आणि नवं होतं ते बाजारात गेलेलं.

निवृत्ती भिंत ओलांडून गेला, पागोटं काढलं आणि पुंजाजीच्या पायाशी ठेवलं.

"हे काय बे?" पुंजाजी चमकला. "इतकं जड पागोटं माह्या पायावर टाकतं? पाय मोडीन ना!"

"पुंजाजी, माहा ताणा घे, माहा माग घे. तुह्या हातानं वीण. माह्या हातानं ते मरून राह्यली."

पुंजाजीचं हसू गेलं. त्यानं कोनाड्यातून बाण्याच्या कमी पिळाच्या लडी काढल्या, त्याही ऐंशीच्या, आणि निघाला.

मागापाशी येऊन त्यानं फणीत बोट घातलं. "फणीच्या एकेका घरात दोन दोन धागे भरले तुनं. एक एक काढून टाक."

"ताणा बाद होईन! लग्नाचा..."

"मग बायकोले लग्नाच्या धोतरात बांधून नेतं काय? काढ. पण पाहून. एका घरातला पुढच्या वहीचा ठेव, दुसऱ्या घरातला मागच्या. नाहीतं वीण बसणार नाही."

उभे धागे आळीपाळीनं उचलणाऱ्या दोन्ही वह्या नीट पाहत निवृत्तीनं स्वतःच्या हातानं आपला ताणा अर्धा केला. एकेक धागा तुटताना त्याला वाटे, आता आतून रडणं ऐकू येईल. 

पुंजाजी बसला. फणी त्यानं मारलीच नाही; झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तशी नुसती टेकवली. उभे अर्धे, आडवे अर्धे. अर्धं सूत, अर्धं वजन. कपडाही झरझर पुढे सरकू लागला. मधूनच एखादा धागा तुटे, निवृत्ती तो जोडी. एकदा राहवलं नाही, तसा त्याचा हात फणीकडे गेला. पुंजाजीनं चापट मारली.

"हात मागं घे, खाटका!"

धुताना पुंजाजी पाण्याजवळ उभाच राहिला. "चोळू नको, पिळू नको. धागे सरकतीन. नुसतं बुडव."

वाळल्यावर कापडातून पलीकडची चूल दिसत होती, पण माणूस ओळखू येत नव्हता. घडी घालून दुहेरी धरलं तर चूलही दिसेना. निवृत्तीनं ते फुंकलं आणि ते हललं. त्याच्या मागावरचं कापड आजवर वादळात हललं नव्हतं.

दुहेरी करून ते पानांवर सोडलं. गोजरबाई किंचाळली नाही.

"गोजरे?"

 निवृत्ती तिच्या तोंडाशी वाकला. वजन लागत नाही की आता काहीच लागत नाही?

"गोजरे, बोल व! जड लागते का?"

तिनं बोटं हलवून कापडाची कड चाचपली. बराच वेळ चाचपली. "हे तुमचं नव्हं," ती म्हणाली.

"नाही. पुंजाजीचं आहे."

"मंग उचला."

बाजेसकट तिला गाडीत ठेवलं. गावातली माणसं बाजूला झाली. कुणाला काही दिसलं नाही. गाव सुटलं आणि माळावरचा वारा आला, तसं कापड उडू लागलं. निवृत्ती गाडीच्या कडेनं चालत होता. त्यानं दोन्ही हातांनी दोन टोकं धरली, पण तिच्या अंगावर भार पडू नये म्हणून अधांतरीच. दुसऱ्या बाजूनं पुंजाजीनं धरली.

"जोरानं धरू नको," पुंजाजी म्हणाला. "फाडशीन."

"नाही धरत."

मेहकर अजून दूर होतं. दर खाचेला निवृत्ती विचारी, "गोजरे?" आणि कापडाखालून दर खेपेला, उशिरानं का होईना, "हूं" येई. त्या एका हुंकारावर तो पुढच्या खाचेपर्यंत चाले.