दहाची बाटली

धाकटीला नळांच्या कारखान्यात नोकरी लागली ती थोरल्या बहिणीच्या शब्दावर. थोरली तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख होती आणि तिचा नवरा, धाकटीचे भाऊजी, ओतकाम विभाग सांभाळत. धाकटीचं काम ठरलेलं होतं. नव्या नळांत पाणी भरून ठेवायचं, त्यात शिसं किती उतरलं ते मोजायचं आणि अहवालावर सही करायची. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की तो माल नापास.

मशीन नुसता सिग्नल दाखवतं. त्याचा अर्थ लावायला शिसं किती आहे हे आधीच माहीत असलेल्या द्रावणांच्या काचनळ्यांची रांग लागते, आणि तिच्यावरून आलेखाची रेषा काढावी लागते. विकतच्या मूळ द्रावणात लिटरमागे हजार मिलिग्रॅम शिसं. त्यातलं एक मिलिलिटर घेऊन शंभरपर्यंत पाणी भरलं की दहा मिलिग्रॅमचं द्रावण तयार. त्याचं पुन्हा एकाचं शंभर केलं की शंभर मायक्रोग्रॅम. मग दर वेळी निम्मं करत पन्नास, पंचवीस, साडेबारा, सव्वासहा.

पहिली पायरी थोरली स्वतः करायची. "इतकं घट्ट द्रावण हाताळायला हात बसावा लागतो. दहाची बाटली मी करून ठेवत जाईन," असं तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. रेषा बरोबर आली का ते पाहायचा खातरजमेचा नमुनाही ती त्याच बाटलीतून बनवून द्यायची. लहानपणी रस्ता ओलांडताना धरलेला हात ताईने अजून सोडलेला नाही, असं धाकटीला वाटायचं आणि तिला ते आवडायचं.

एकदा थोरली तापाने घरी असताना दहाची बाटली संपली. वाट कशाला पाहायची म्हणून धाकटीने मूळ द्रावणातून नवी केली. रेषा अगदी सरळ आली, पण बुटकी. एरवी पन्नासच्या नळीला यायचा तेवढा सिग्नल आता शंभरच्या नळीला येत होता.

आपलंच काहीतरी चुकलं, असं तिने धरलं. पिपेटमधलं एक मिलिलिटर पाणी वजनकाट्यावर सोडलं. एक ग्रॅम भरलं. मूळ द्रावणाची नवी सीलबंद बाटली फोडून सगळं पहिल्यापासून केलं. रेषा पुन्हा तितकीच बुटकी. शेवटी तिने थोरलीच्या जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेलं द्रावण पातळ करून नव्या रेषेवर मोजलं. चिठ्ठीवर दहा होतं, आत वीस निघाले.

ती खुर्चीत बसून राहिली. पहिल्याच बाटलीत दुप्पट शिसं असेल, तर पुढच्या प्रत्येक नळीत ते दुप्पटच उतरणार. रेषा सरळच राहणार, त्याच बाटलीतला खातरजमेचा नमुनाही पास होणार, आणि नळाच्या पाण्यातलं शिसं मात्र निम्मं दिसणार. गेल्या आठवड्यात तिने आठ म्हणून पास केलेल्या मालातले उरलेले नळ गोदामातून आणवले आणि पुन्हा तपासले. सोळा. बाकीचा माल एका शाळेसाठी गेला होता.

संध्याकाळी ती थोरलीच्या घरी गेली. भाऊजी कामावरून आले नव्हते. थोरली अंगावर शाल घेऊन पलंगावर बसली होती. धाकटीने सगळं सांगितलं आणि विचारलं, की एकाऐवजी दोन मिलिलिटर चुकून पडले का. हो म्हण, असं ती मनातून विनवत होती.

थोरलीने तिला चहा विचारला. मग खाली बघत म्हणाली, "ह्यांनी स्वस्तातला, जास्त शिशाचा धातू घेतला होता. भट्टीभर माल ओतून झाल्यावर कळलं. नोकरी गेली असती त्यांची."

"म्हणजे दर वेळी मुद्दाम?"

"थोडे दिवसच. तो धातू संपला की बंदच करणार होते."

"सही माझी होती, ताई."

थोरली हळूच म्हणाली, "तू नवीन आहेस. उघडकीला आलं असतं तरी चुकली म्हणून तुला सोडून दिलं असतं. मला नसतं सोडलं."

म्हणजे तिने त्याचाही विचार करून ठेवला होता. धाकटी चहा न घेताच निघाली. जिन्यात भाऊजी भेटले. आज इकडे कुठे, म्हणून हसून विचारलं त्यांनी, आणि ती बाजूने उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रेषा घेऊन ती व्यवस्थापकांकडे गेली. सही आपली आहे, हे तिने आधी सांगितलं. माल परत मागवला गेला, शाळेतले नळ काढले गेले. भाऊजींची आणि थोरलीची नोकरी गेली. चौकशी संपेपर्यंत धाकटीलाही घरी बसवलं, मग परत घेतलं.

आई तिच्याशी महिनाभर धड बोलली नाही. "घरातलं घरात मिटलं असतं," एवढंच एकदा म्हणाली. धाकटीने शाळेतल्या मुलांबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण आई उठून आत गेली होती.

थोरलीचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी. तिने माफी मागितली नाही, की दोष दिला नाही. आईच्या गुडघ्यांचं विचारलं, नवं घर लहान आहे पण उजेड बरा येतो म्हणाली. धाकटी हं हं करत राहिली. जुन्या सवयीने तिच्या तोंडून "काळजी घे" निघून गेलं, आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग आला.