आभाराचे मेल पाठवू नयेत

मी काही विसरत नाही, अशी माझी ख्याती होती. खरं सांगायचं तर ती मी स्वतःच पसरवली होती.

आमची प्रयोगशाळा म्हणजे सात माणसं, एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला प्रमुख, म्हणजे मी. दिवसाला शंभरेक मेल यायचे आणि त्यातले निम्मे माझ्या हातून सुटायचे. म्हणून एका रविवारी बसून मी स्वतःपुरती चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. रोज सकाळी सातला ती माझी मेलपेटी उघडायची आणि प्रत्येक संभाषणातला शेवटचा मेल बघायची. तो दुसऱ्या कुणाचा असेल आणि त्याला दोन दिवस उलटून गेले असतील, तर ते संभाषण यादीत जायचं. शेवटचा मेल माझा असेल, तर विषय मिटला. आपोआप सुटणाऱ्या सूचना, 'या पत्त्यावर उत्तर देऊ नये' छापाचे मेल, हे सगळं वगळलेलं. मग मला एकच नीटनेटका मेल यायचा: कुणाचा, कशाबद्दल, किती दिवसांपासून. सर्वांत जुनं सगळ्यात वर.

चहाचा कप संपेपर्यंत मी यादी रिकामी करायचो. हळूहळू मी यादीखेरीज दुसरं काही बघेनासाच झालो. कुणी व्हरांड्यात गाठून काही सांगायला लागलं, की मी हात वर करायचो. "मेल टाका. तोंडी सांगितलेलं हरवतं, मेल हरवत नाही." लोकांनीही ऐकलं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे शहाण्यांना सांगावं लागत नाही.

एकच कटकट होती. मी कुणाला उत्तर दिलं, की तो माणूस लिहायचा, "धन्यवाद सर." झालं! शेवटचा मेल त्याचा. दोन दिवसांनी तो धन्यवाद यादीत हजर, जणू मीच त्याचं काही देणं लागतो. एका सकाळी एकोणीस ओळींत अकरा धन्यवाद निघाले तेव्हा माझं डोकं फिरलं. स्क्रिप्टमध्ये दोन-चार ओळी घालून हे थांबलं असतं. पण स्क्रिप्ट सुधारण्यापेक्षा माणसं सुधारणं मला सोपं वाटलं. सोमवारच्या बैठकीत मी जाहीर केलं, "यापुढे आभाराचे मेल पाठवू नयेत. आभार मनात माना." सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून एकही धन्यवाद आला नाही.

त्या बैठकीत यंत्रताईही होती. सूक्ष्मदर्शक तिच्याच हाताखाली होता, म्हणून सगळे तिला तसं म्हणायचे. सहा वर्षं कंत्राटावर. शिक्षण पदविकेपर्यंतच, पण ते मशीन रुसलं की आम्ही पदव्यावाले बाजूला उभे राहायचो आणि ती दोन बटणं फिरवून त्याची समजूत काढायची. दर वर्षअखेरीला तिची मुदत वाढवायची, तर प्रमुखाच्या शिफारशीचा एक मेल कार्मिक विभागाला लागायचा. तीन ओळींचा.

अठरा तारखेला, शुक्रवारी, तिने मला लिहिलं: सर, माझी मुदत एकतीसला संपते. शिफारस पंचवीसपर्यंत जायला हवी. यंदा नियम बदललाय, तारीख चुकली तर जागा नव्याने भरतील आणि नव्या जागेला पदवी लागेल.

सोमवारी सकाळी ती यादीत आली. यंत्रताई, मुदतवाढ, दोन दिवस. मी लगेच उत्तर दिलं: "नक्की. आजच पाठवतो." शिफारस पाठवण्याआधी फोन वाजला, मग कुणीतरी आलं, मग जेवणाची सुट्टी झाली. मंगळवारच्या यादीत ती नव्हती. नसणारच. शेवटचा मेल माझा होता ना!

एक तारखेला सकाळी ती दाराबाहेर उभी दिसली. आमचं दार आतून-बाहेरून कार्डानेच उघडायचं, आणि तिचं कार्ड चालत नव्हतं.

"सर, कार्ड बिघडलं वाटतं," ती म्हणाली.

मी आतून दार उघडलं. ती नेहमीसारखी मशीनकडे गेली आणि मी कार्मिक विभागाला फोन लावला, कार्डाबद्दल चार शब्द सुनवायला. तिथला अधिकारी शांतपणे म्हणाला, "कार्ड ठीक आहे सर. त्यांची मुदत संपली. शिफारस आलीच नाही. आम्ही तुम्हाला दोनदा स्मरणपत्र पाठवलं."

स्मरणपत्रं होती. तेवीसला एक, पंचवीसला एक. दोन्ही 'उत्तर देऊ नये'च्या पत्त्यावरून, म्हणून माझ्या स्क्रिप्टने इमानेइतबारे वगळलेली.

मी तिला खोलीत बोलावलं आणि सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"पण तुम्ही 'पाठवतो' म्हणाला होतात."

"हो ताई. राहून गेलं. तुम्ही एकदा आठवण तरी करायची!"

हे बोललो मी. लाज वाटायला हवी होती, पण आधी तोंड उघडलं आणि लाज मागून आली.

"तुमच्याकडे यादी असते ना सर," ती म्हणाली. "तुमचं राहत नाही, असं सगळेच म्हणतात. मी तर उलट आभार लिहिले होते. मोठा मेल होता. मग तुमचं बोलणं आठवलं, म्हणून नाही पाठवला."

तो मेल तिने पाठवला असता, तर शेवटचा मेल तिचा झाला असता. गुरुवारी, चोवीसला सकाळी सातला, ती माझ्या यादीत आली असती, मुदतीच्या एक दिवस आधी. हे मला तिच्यासमोर बसल्या बसल्या कळलं. तिला सांगायचा धीर झाला नाही.

मी संचालकांकडे धावलो. ते दारातच म्हणाले, "सविस्तर मेल करा, बघतो." मी केला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "बघतो." दोन दिवसांनी माझ्या यादीत संचालक झळकले, जणू उत्तर द्यायचं माझंच राहिलंय. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी ते कार्मिककडे पाठवलं, कार्मिकने नियमाचं कलम पाठवलं. आठवड्याच्या आत जाहिरात लागली. पदवी आवश्यक.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती किल्ल्या द्यायला आली. सोबत मशीनची वही होती, कुठलं बटण कधी आणि किती फिरवायचं ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. मी म्हणालो, मी तुमच्यासाठी कुठेही शब्द टाकेन. तिने मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही.

"एक बोलू का सर?"

"बोला ना."

"मला सारखा तो बुधवार आठवतो. तेवीस तारीख. तुम्ही तासभर माझ्या शेजारी बसला होतात, नमुना बघत. खुर्चीला खुर्ची लागून. मी मनात म्हणत होते, आता सर म्हणतील, 'ताई, तुमचं पाठवलं बरं का.' विचारावंसंही वाटलं. पण तुम्हाला तोंडी विचारलेलं चालत नाही. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, 'चित्र जरा उजळ करा.' मी केलं."

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दार आतून मलाच उघडून द्यावं लागलं, कारण तिच्याकडे आता कार्ड नव्हतं.